नफा 42,000 आणि गल्ल्यात 17,000: उधारीच्या दुकानाचा हिशोब कुठल्या पद्धतीने धरायचा?

गल्लेवाला

एक उदाहरण मांडतो, त्यावर मतं हवी आहेत. लातूर भागातल्या तालुक्याच्या गावचं किराणा दुकान धरा. 1 एप्रिलला सुरू झालं, मालकाने 2,00,000 भांडवल घातलं. महिन्याच्या खात्यावर माल नेणारे बरेच: शिक्षक, महावितरणचे कर्मचारी, बाकी शेतकरी. विकलेल्या मालाची खरेदी किंमत सरसकट विक्रीच्या 85 टक्के धरा. भाडं, वीज, पोऱ्याचा पगार मिळून महिन्याला 18,000.

एप्रिल: विक्री 2,00,000, त्यात रोख 80,000 आणि उधार 1,20,000. खरेदी 2,30,000, पैकी 1,70,000 दिले, 60,000 घाऊकवाल्याचं देणं राहिलं.

मे: विक्री तेवढीच, रोख-उधारही तेवढंच. एप्रिलच्या उधारीतले 1,00,000 आले. खरेदी 1,70,000 आणि घाऊकवाल्याला दिले तेवढेच.

जून: विक्री 2,40,000, रोख 80,000 आणि उधार 1,60,000. जुनी वसुली 1,10,000. खरेदी 2,04,000, दिले 1,94,000.

घरखर्चाला दरमहा 15,000 उचलले.

हिशोब लिहिणारा म्हणतो तीन महिन्यांत 42,000 नफा. मालक म्हणतो दोन लाख घातले त्यातले 17,000 उरले, नफा कसला डोंबलाचा? दोघांनी आकडे एकाच वहीतून घेतलेत. बरोबर कोण?

तिरकस तांब्या

तिसरा बरोबर, जो उधारीवर साखर घेऊन गेला.

अर्धविराम

लिहिणारा बरोबर. कायद्याने मर्कंटाइल पद्धतच सक्तीची आहे: माल गेला की विक्री झाली, पैसे कधीही येवोत. रोख पद्धत आता कुणाला चालत नाही. शिवाय या दुकानाला जीएसटी उधार विक्रीवरही भरावा लागेल, म्हणजे मालक आणखी रडणार.

कीर्दखतावणी

अर्धविराम, मर्कंटाइलची सक्ती कंपन्यांना आहे, कंपनी कायद्याने. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला आयकरासाठी रोख किंवा मर्कंटाइल यातली एक पद्धत निवडता येते. अट एवढीच की निवडली ती दरवर्षी सातत्याने पाळायची. खर्च मर्कंटाइलने आणि विक्री रोखीने, अशी सोयीची भेळ 1997-98 च्या आकारणी वर्षापासून चालत नाही. एलएलपीला, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीलासुद्धा, तिच्या कायद्यात दोन्हींची मुभा आहे.

जीएसटीचं नंतर बघू. आधी गल्लेवाल्यांचे आकडे लावून घेते.

मर्कंटाइलने: एप्रिलच्या 2,00,000 विक्रीतल्या मालाची किंमत 1,70,000. उरले 30,000, खर्च 18,000, नफा 12,000. मे तसाच, 12,000. जूनमध्ये 36,000 उरले, खर्च वजा जाता 18,000. एकूण 42,000. लिहिणारा चुकलेला नाही.

रोखीने: एप्रिलमध्ये आले 80,000, गेले 1,70,000 आणि 18,000. तूट 1,08,000. मेमध्ये आले 1,80,000, गेले 1,88,000, तूट 8,000. जूनमध्ये आले 1,90,000, गेले 2,12,000, तूट 22,000. एकूण तूट 1,38,000. त्यात घरखर्चाचे 45,000 मिळवा: 2,00,000 मधून 1,83,000 गेले, उरले 17,000. मालकही चुकलेला नाही.

आता फरक कुठे बसलाय ते बघा. जूनअखेर येणं: तीन महिन्यांची उधारी 4,00,000, वसूल 2,10,000, बाकी 1,90,000. फळीवरचा शिल्लक माल 60,000, कारण एप्रिलमध्ये जास्तीचा घेतला तेवढाच अजून आहे. घाऊकवाल्याचं देणं 70,000. म्हणजे 42,000 मधून 1,90,000 आणि 60,000 वजा करा, 70,000 मिळवा. बरोब्बर उणे 1,38,000.

ही ताळमेळाची ओळ दर महिन्याला जमली पाहिजे. जमली नाही तर एकतर कुणाची तरी उधारी लिहायची राहिली, नाहीतर माल मोजताना चूक झाली.

सोयाबीन

जूनच्या उधारीने दचकू नका. आमच्याकडे मृगाच्या पेरणीला घरातला पैसा बियाणं आणि खतात जातो, त्यात शाळा सुरू होतात. मग किराणा खात्यावर. हे पैसे सोयाबीन बाजारात गेल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीकडे येतात. पगारदार 5 ते 10 तारखेला देतो, शेतकरी हंगामाला. दोघांची उधारी एका रकान्यात मिसळली तर जुलैत विनाकारण घाबराल आणि नोव्हेंबरात विनाकारण माजाल.

तिरकस तांब्या

नोव्हेंबरात माजण्याबद्दल कुणाला आक्षेप आहे?

गल्लेवाला

@कीर्दखतावणी ताई, ओळ जमली, मी कागदावर करून पाहिलं. पण मग मालकाने घरखर्च 15,000 च्या जागी 30,000 काढावा की नाही हे कुठल्या आकड्यावरून ठरवायचं?

कीर्दखतावणी

उचल ही दोन्ही पद्धतींत खर्च नाही, ती भांडवलातून जाते. म्हणून 42,000 मध्ये ती दिसत नाही. पण तुलना करा: नफा 42,000, उचल 45,000. मालक आत्ताच नफ्यापेक्षा 3,000 जास्त उचलतोय. जितका नफा तितकीच उचल, हे ठरवायला मर्कंटाइलचा आकडा लागतो. येत्या 15 तारखेला घाऊकवाल्याला द्यायला पैसे आहेत का, हे ठरवायला रोखीचा. एका आकड्याकडून दुसऱ्याचं काम करून घेऊ नका.

मीनल_फिजिओ

मला हाच प्रश्न आहे. मी कॉर्पोरेट कंपनीत आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी देते. त्यांनी मार्चच्या बिलावर टीडीएस मार्चमध्येच कापला, पैसे एप्रिलअखेर आले. मी रोख पद्धत धरते. मग उत्पन्न कुठल्या वर्षात दाखवायचं?

कीर्दखतावणी

मीनल, प्रश्न थोडा वेगळा आहे, तुमच्याकडे शिल्लक माल नाही, त्यामुळे तुमचं सोपं. रोख पद्धत सातत्याने असेल तर उत्पन्न पैसे आले त्या वर्षात. कापलेल्या टीडीएसचं श्रेयही उत्पन्न ज्या वर्षी धरलं त्या वर्षात मागायचं, बाकीचं पुढे नेता येतं. घोळ होतो तो असा की लोक टीडीएस आधीच्या वर्षात मागतात आणि उत्पन्न पुढच्या वर्षात दाखवतात. मग विवरणपत्रावर जुळत नसल्याची सूचना येते.

टेम्सकाठी

इथे इंग्लंडमध्ये उलटं आहे. स्वयंरोजगार असलेल्यांना 6 एप्रिल 2024 पासून रोख पद्धत हीच आपोआप लागू, मर्कंटाइल हवी असेल तर तशी निवड करायची. उलाढालीची मर्यादाही काढून टाकली. मालाचे पैसे दिले की खर्च, शिल्लक माल मोजायची गरज नाही. व्हॅटसाठीही वेगळी रोख योजना आहे, उलाढाल साडेतेरा लाख पौंडांच्या आत असेल तर गिऱ्हाइकाने पैसे दिल्यावरच व्हॅट. भारतात लहान दुकानदाराला असं का देत नाहीत? एवढा काथ्याकूट कशाला?

अर्धविराम

मग मी म्हणालो तेच. भारतात जीएसटी उधारीवर आहेच.

कीर्दखतावणी

मालाच्या बाबतीत हो, बिल केलं की कर लागतो, वसुलीची वाट बघत नाहीत. पण या दुकानाला आत्ता नाही. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही. याची विक्री वर्षाला 25 ते 29 लाखांत बसेल.

मात्र इथे एक चूक सर्रास होते. 40 लाखांची मर्यादा विक्रीवर मोजतात, आलेल्या पैशावर नाही. यूपीआयचं स्टेटमेंट बघून 'आपले तर 31 लाखच आलेत' म्हणणारा माणूस उधारी आणि गल्ल्यातली रोकड दोन्ही विसरलेला असतो. करमाफ सुटं धान्यही मर्यादेसाठी विक्रीत येतं. उलट बाजूही आहे. यूपीआयवर मेव्हण्याने परत केलेले हातउसने पैसेही येतात आणि बाहेरून बघणाऱ्याला ती विक्री वाटते. 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्याचं आठवत असेल. उधारीची वही नीट असेल तर कुठला पैसा कशाचा हे दाखवता येतं.

नोंदणी होऊन कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के कर भरायच्या सोप्या योजनेत, गेलात तर व्यापाऱ्याला करपात्र मालाच्या विक्रीवर 1 टक्का. या तीन महिन्यांची विक्री 6,40,000 आहे, सगळा माल करपात्र धरला तर 6,400 रुपये 18 जुलैपर्यंत भरायचे. हातात आलेले मात्र 4,50,000 च. अडकलेल्या 1,90,000 वरचे 1,900 मालकाने खिशातून भरायचे, आणि ती उधारी बुडाली तरी ते परत मिळत नाहीत.

तूरडाळ

खालचा प्रश्न बावळट वाटेल, पण एका गिऱ्हाइकाच्या एका बिलाची नोंद प्रत्यक्ष दाखवाल का? 'येणं', 'नावे', 'जमा' यात माझा गोंधळ होतो.

रोजमेळ

मी दाखवतो. खाते क्रमांक 14. दिनांक 9 जून: साखर 5 किलो 220, तूरडाळ 2 किलो 280, तेलाचा 5 लिटरचा कॅन 700, चहा अर्धा किलो 240. बिल 1,440. 10 जुलैला यूपीआयने 1,000 आले.

मर्कंटाइलने 9 जूनला खाते 14 च्या नावे 1,440, म्हणजे तेवढं त्याच्याकडून येणं, विक्रीला जमा 1,440. 10 जुलैला बँकेच्या नावे 1,000, खाते 14 ला जमा 1,000. विक्रीच्या खात्याला जुलैत हातही लावायचा नाही. खाते 14 वर 440 शिल्लक राहिले, ते आपोआप दिसतात.

रोखीने 9 जूनला कीर्दीत काहीच नाही. 10 जुलैला बँकेच्या नावे 1,000, विक्रीला जमा 1,000. राहिलेले 440 कीर्दीत कुठेच नाहीत. ते फक्त गिऱ्हाइकाच्या छोट्या वहीत असतात. ती वही हरवली की 440 हरवले.

टॅलीत करत असाल तर बिल F8 ने सेल्समध्ये, वसुली F6 ने रिसीटमध्ये. गिऱ्हाइकाचं लेजर Sundry Debtors खाली उघडा आणि `Maintain balances bill-by-bill` ला Yes करा, म्हणजे 1,000 कुठल्या बिलापोटी आले ते तो विचारतो.

तिरकस तांब्या

साखर 5 किलो आणि चहा अर्धा किलो? खाते 14 ला डॉक्टरांना दाखवा.

रोजमेळ

तांब्या, चौदाव्या खात्यावर पाहुणे फार.

बरं, खरी भानगड इथे होते. दुकानातला मुलगा महिनाअखेर यूपीआयचं स्टेटमेंट घेतो आणि आलेली प्रत्येक रक्कम विक्रीत टाकतो. उधार बिलं आधीच विक्रीत गेलेली असतात. म्हणजे एकाच साखरेची विक्री दोनदा. वरच्या दुकानाचा मे घ्या: रोख 80,000, उधार 1,20,000, आणि चुकून वसुलीचे 1,00,000. विक्री दिसते 3,00,000. गेलेल्या मालाची किंमत 1,70,000 च आहे, म्हणजे ढोबळ नफा 1,30,000, त्रेचाळीस टक्के! किराण्यात त्रेचाळीस टक्के सुटत असते तर गावात दुसरा धंदा कुणी केला नसता. महिन्याची ढोबळ टक्केवारी रोजच्या पंधराच्या आसपासच्या चाकोरीतून उडाली की पहिला संशय हा घ्यायचा.

दुसरी खूण: गिऱ्हाइकांची खाती फक्त वाढत जातात, कमी होतच नाहीत. कारण वसुली त्यांच्या खात्यावर न पडता विक्रीत पडतेय.

अर्धविराम

मग रोख पद्धतच सोपी नाही का? दुहेरी नोंदच होत नाही.

रोजमेळ

सोपी आहे, नाकारत नाही. पण तिथे मालकाला धंद्याची चाल कळत नाही. एप्रिलची रोख तूट 1,08,000 बघून तो धंदा बंद करेल, आणि नोव्हेंबरात जूनची उधारी आल्यावर वाटेल या महिन्यात सोनं लागलं. दोन्ही वेळा विक्री आणि सुटणारे पंधरा टक्के जिथल्या तिथेच आहेत.

टेम्सकाठी

पण रोख पद्धतीत भारतात शिल्लक माल धरायचा की नाही? इथे नाही धरत. वरच्या उदाहरणात 60,000 च्या मालाचे पैसे दिलेले असतील तर तो सरळ खर्च का धरू नये?

रोजमेळ

माझ्या मते धरायचा. नाहीतर 31 मार्चला गोदाम भरून पैसे चुकते करा आणि नफा शून्य दाखवा, हा खेळ झाला. अधिकारी मान्य करणार नाही.

कीर्दखतावणी

माझं मत उलट आहे. पैसे गेले तो खर्च, हेच रोख पद्धतीचं सूत्र. शिल्लक माल धरला की ती रोख राहिली कुठे, तीच ती भेळ झाली. मात्र व्यवहारात बहुतेक सीए माल विकणाऱ्याला रोख पद्धत नकोच म्हणतात, ते याच वादात पडायला नको म्हणून.

रोजमेळ

म्हणजे सल्ला एकच, कारणं दोन. ठीक.

सोयाबीन

बुडीत उधारीबद्दल कुणीच बोललं नाही. एप्रिलच्या 1,20,000 पैकी मेमध्ये 1,00,000 आले. उरलेल्या 20,000 चं काय?

गल्लेवाला

जूनच्या 1,10,000 मध्ये एप्रिलचे 5,000 होते, बाकी 1,05,000 मेचे. म्हणजे जूनअखेर एप्रिलचे 15,000, मेचे 15,000 आणि जूनचे 1,60,000 येणं आहे.

कीर्दखतावणी

ही विभागणी दिलीत हे छान केलंत. 1,90,000 हा एकच आकडा बघून काही कळत नाही. जूनचे 1,60,000 ताजे आहेत. मेचे 15,000 ना महिना झाला, बघू. एप्रिलचे 15,000 दोन पगार उलटून गेले तरी आले नाहीत. त्या खात्यांना जुलैत आणखी माल द्यायचा का, हा प्रश्न नफ्याच्या पत्रकात उमटत नाही, या यादीत उमटतो.

गिऱ्हाईक 2,000 चा गोल आकडा देऊन जातं तेव्हा ते कुठल्या बिलापोटी, हे त्याने सांगितलं असेल तर तसंच धरा. त्याने सांगितलं नसेल तर ठरवायचा हक्क तुमचा, आणि तेव्हा सर्वांत जुनं बिल आधी फेडा. नाहीतर एप्रिलची बाकी वहीत तशीच राहते आणि जून फिटल्यासारखा दिसतो.

आता बुडीत. समजा एप्रिलचे 15,000 खरंच बुडाले. मर्कंटाइलने एप्रिलमध्ये तुम्ही 15,000 विक्री धरली, त्यातला माल 12,750 चा. म्हणजे 2,250 नफा आधीच दाखवला. 31 मार्चला 15,000 बुडीत म्हणून खर्ची टाकले की निव्वळ परिणाम 12,750 तोटा. रोख पद्धतीत ते 15,000 विक्रीत कधी आलेच नाहीत, त्यामुळे खर्ची टाकायचंही काही नाही. मालाचे 12,750 मात्र घाऊकवाल्याला देऊन झालेत. तिथेही तोटा 12,750 च. शेवट एकच, फक्त मर्कंटाइलमध्ये तो उशिरा आणि मोठ्या आकड्याने समोर येतो.

म्हणून रोख पद्धतवाल्याने बुडीत उधारीची वजावट मागू नये. जे कधी उत्पन्नात धरलंच नाही ते वजा कसं करणार? आयकरात हीच अट आहे. मर्कंटाइलवाल्याला मात्र कोर्टात जाऊन 'बुडालंच' असं सिद्ध करायची गरज उरलेली नाही, पुस्तकात प्रत्यक्ष निर्लेखित केलं की पुरतं. हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलंय. पुढे गिऱ्हाईक उगवलं आणि पैसे दिले तर त्या वर्षाचं उत्पन्न.

तूरडाळ

बुडालेले 12,750 भरून काढायला किती विकावं लागेल?

रोजमेळ

पंधरा टक्क्यांनी 85,000. आणि तेवढं विकताना भाडं आणि पगार तसेच चालू राहतात हे धरलेलं नाही.

तिरकस तांब्या

यापुढे 'आज रोख उद्या उधार' पाटीखाली लिहा: 15,000 बुडाले की 85,000 ची साखर. कुणी उधार मागणार नाही, रोखीनेही येणार नाही.

अर्धविराम

वसुलीसाठी कायद्याने मुदत किती? मला वाटतं बारा वर्षं.

कीर्दखतावणी

बारा नाही, तीन वर्षं. उधारीची मुदत आधी ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून. मधे त्याने काही रक्कम दिली आणि त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने नोंद असेल तर त्या दिवसापासून पुन्हा तीन. म्हणून गिऱ्हाइकाच्या वहीत नुसतं 'जमा 500' लिहू नका, शेजारी त्याची सही घ्या. दोन सेकंदांचं काम आहे.

मीनल_फिजिओ

आमच्या कोपऱ्यावरचं दुकान दिवाळी फंड घेतं. महिन्याला 300, दिवाळीला तेल, रवा, मैदा, साखर. ते आगाऊ पैसे मर्कंटाइलमध्ये कुठे जातात?

रोजमेळ

वा, हे उधारीच्या बरोबर उलट. वीस बायकांनी 300 दिले तर महिन्याला 6,000 गल्ल्यात आले, माल एक ग्रॅमही गेला नाही. मर्कंटाइलमध्ये ती विक्री नाही, दुकानाचं देणं आहे. दिवाळीला माल दिला त्या दिवशी विक्री. रोख पद्धतीत मात्र दर महिन्याला 6,000 उत्पन्न. धोका उघड आहे: फंडाचे पैसे गल्ल्यात दिसतात, मालक जूनच्या खरेदीत घालतो, आणि ऑक्टोबरात वीस जणींचा माल भरायला घाऊकवाल्याकडे उधारी मागतो.

गल्लेवाला

मूळ प्रश्नाकडे येतो. आयकर भरताना दुकान अंदाजित नफ्याच्या योजनेत बसत असेल तर ही सगळी मर्कंटाइल-रोख झटापट करायचीच कशाला? विक्रीच्या 8 टक्के नफा धरा, डिजिटल असेल त्यावर 6 टक्के, विषय संपला.

कीर्दखतावणी

कर भरण्यापुरतं बरोबर. दोन कोटींच्या आत, आणि रोकड एकूण येण्याच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत. पण तिथेही उधारी डोकं वर काढते. सहा टक्के लागण्यासाठी पैसे बँकेतून किंवा यूपीआयने यायला हवेत, आणि ते वर्षात किंवा विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत आले तरी चालतात. म्हणजे मार्चची उधारी एप्रिलमध्ये यूपीआयने आली तर त्या वर्षाच्या विक्रीवर 6 टक्के. रोख आली तर 8. मुदतीनंतर आली तर तिच्यावरही 8. हा भेद दाखवायला बिल आणि वसुली जोडलेली यादी लागतेच. आणि त्या योजनेत बुडीत उधारी वेगळी वजा करता येत नाही, ती त्या 8 टक्क्यांतच धरलेली आहे.

अर्धविराम

मग या योजनेत 'विक्री' म्हणजे बिलं की वसुली? रोख पद्धतवाल्याने वसुलीच धरायची ना?

रोजमेळ

यावर दोन मतं ऐकतो. मी बिलं धरतो.

कीर्दखतावणी

मीही. पण रोख पद्धत आधीपासून सातत्याने पाळणाऱ्याला वसुली धरू नये असं ठामपणे मी सांगणार नाही. दरवर्षी बदलू नका म्हणजे झालं. बदललंत तर जुन्या वर्षाची उधारी दोन्ही वर्षांच्या मधे पडते. रोखीवरून मर्कंटाइलवर आलात तर 31 मार्चचं येणं जुन्या वर्षात धरलेलं नाही, नव्या वर्षाची ती विक्रीही नाही. ते आल्यावर उत्पन्नात वेगळं दाखवावंच लागतं, नाहीतर 1,90,000 अंतराळात.

गल्लेवाला

मग मी मालकाला असं सुचवतोय. पुस्तकं मर्कंटाइलने. दर शनिवारी घाऊकवाल्याच्या देण्याशेजारी गल्ला आणि बँक. महिन्याच्या 11 तारखेला, पगारदारांची वसुली झाल्यावर, उधारीची महिनावार यादी, पगारदार आणि शेतकरी वेगळे. एप्रिलचे 15,000 चार खात्यांवर आहेत, त्यातले 9,000 एकट्या एका खात्यावर.

सोयाबीन

ते नऊ हजारवालं खातं शेतकऱ्याचं की पगारदाराचं?

गल्लेवाला

पगारदाराचं.

सोयाबीन

मग दिवाळीची वाट बघू नका.

तिरकस तांब्या

खाते क्रमांक 14 नाही ना?

गल्लेवाला

नाही. 14 चे 440 च राहिलेत, आणि पाहुणे गेले म्हणे.